बँकेत रोख भरताना-काढताना: ५० हजार, १० लाख, २० लाख ह्या मर्यादा नक्की कशाच्या आहेत

मुंबईत कुठल्याही बाजारात धंद्यावर बसलेल्या माणसाला हा सल्ला एकदा तरी मिळालेला असतो, की ५० हजाराच्या आत भर, पॅन मागत नाहीत, मग वर कोणाला काय कळत नाही. ह्यातला पहिला अर्धा भाग साधारण बरोबर आहे आणि दुसरा अर्धा साफ चुकीचा. कारण ५० हजार ही पॅन लिहायची मर्यादा आहे, आयकर खात्याला माहिती जायची मर्यादा वेगळीच आहे, ती वर्षाची मोजतात, आणि ती मोजताना रोज किती भरलं ह्याच्याशी तिला काही घेणंदेणं नसतं.

नवीन लोकांचा सगळा गोंधळ इथेच होतो म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, मुख्यतः त्यांच्यासाठी ज्यांचा छोटा रोखीचा धंदा आहे आणि पैसे सेव्हिंग खात्यात जातात. आधीच सांगतो, इथले आकडे १९६१ च्या आयकर कायद्याखालचे आहेत, म्हणजे २०२४-२५ आणि २०२५-२६ ह्या वर्षांच्या व्यवहारांचे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, कलमांचे नंबर बदलले, त्यामुळे त्यानंतरच्या व्यवहारासाठी बँकेत त्या वेळची मर्यादा विचारून घ्या, इथला आकडा डोळे मिटून चिकटवू नका.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. एक मावशी आहेत, बाजारात सुकी मासळी विकतात, बोंबील, सुकट, जवळा, करंदी वगैरे. माल घाऊक व्यापाऱ्याकडून घेतात आणि त्याचे पैसे खात्यातून थेट पाठवतात, पण गिऱ्हाईक बरंचसं रोखीवालं. खातं सेव्हिंग, आणि त्यात मुलाचं नाव पण जोडलेलं, कारण एटीएम, मोबाईल सगळं तोच बघतो. मुंबईत अशी खाती घरोघर सापडतील.

पहिलं काम: खात्याला पॅन जोडलाय का ते बघा

पासबुक घेऊन काउंटरवर विचारा किंवा बँकेच्या ॲपमध्ये प्रोफाइलमध्ये बघा. जुन्या खात्यांना बऱ्याचदा पॅन जोडलेलाच नसतो, आणि जोडलेला असला तरी आधारशी लिंक नसेल तर तो निष्क्रिय दाखवतो, म्हणजे कार्ड हातात असून उपयोग नाही. हे incometax.gov.in वर लॉगिन न करता पण बघता येतं, Link Aadhaar Status असं तिथे लिहिलेलं असतं.

पॅनच नसेल आणि आधारला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर त्याच साइटवर Instant e-PAN मधून फुकट मिळतो, ओटीपी टाकायचा, बस. एजंटला ह्याचे पैसे देऊ नका.

पॅन नसताना बँक फॉर्म ६० भरून घेते, ते चालतं. पण फॉर्म ६० म्हणजे नुसती सही मारायचा कागद नाही, त्यात तुमचं वर्षाचं अंदाजे उत्पन्न लिहायचं असतं, आणि ते करपात्र मर्यादेच्या वर जात असेल तर आधी पॅनचा अर्ज करून त्याचा नंबर तिथे द्यावा लागतो. काउंटरवर गर्दी असते, कारकून म्हणतो इथे सही करा, आपण करतो. तिथे उत्पन्नाचा रकाना रिकामा किंवा शून्य गेला आणि खात्यात वर्षाला बारा-चौदा लाख रोख पडली, तर तो कागद पुढे आपल्याच अंगावर येतो.

दिवसाचा आकडा: ५० हजार

नियम असा की एका दिवसात ५० हजारापेक्षा जास्त रोख भरली तर पॅन द्यायचा. पेक्षा जास्त हे शब्द महत्त्वाचे, म्हणजे बरोबर ५०,००० भरले तर ह्या नियमाने पॅन लागत नाही, एक रुपया वर गेला की लागतो. आणि हिशोब दिवसाचा आहे, स्लिपचा नाही. सकाळी मशीनमध्ये ४०,००० टाकले, दुपारी काउंटरवर २०,००० भरले, तर दिवसाचे ६०,००० झाले.

मशीनवर बऱ्याच बँकांची मर्यादा ४९,९०० दिसते ती ह्याच नियमामुळे. कार्ड न घालता, नुसता खाते नंबर टाकून भरताना एवढेच घेतात. कार्ड घातलं आणि खात्याला पॅन जोडलेला असला तर जास्त घेतात, किती ते प्रत्येक बँकेचं वेगळं. दुसऱ्या शाखेत भरायची मर्यादा आणि त्याचे चार्जेस हे पण बँकेचे स्वतःचे असतात, त्याचा इन्कम टॅक्सशी काही संबंध नाही, ह्या दोन गोष्टी मिसळू नका. काउंटरवाला म्हणाला की ह्या शाखेत एवढेच घेतो तर तो सरकारचा नियम सांगत नसतो, बँकेचा सांगत असतो.

आपल्या मावशी साधारण दर सोमवारी पैसे भरतात. एप्रिल-मे मध्ये धंदा जोरात, कारण पावसाळ्याची बेगमी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ताजी मासळी कमी आणि महाग, म्हणून घरोघर आधीच सुकं भरून ठेवतात. तर २०२४ च्या मे मध्ये एका सोमवारी त्यांनी एकदम ८०,००० भरले. त्या दिवशी स्लिपवर पॅन लिहावा लागला. त्याने झालं काय? काहीच नाही. पॅन लिहिला म्हणून टॅक्स लागत नाही, त्या स्लिपमुळे लगेच कुठे रिपोर्टही जात नाही. बऱ्याच जणांना पॅन लिहिणं म्हणजे आपणहून पकडून देणं वाटतं, आणि तिथून मग ते तुकडे पाडायचे उद्योग सुरू होतात.

वर्षाचा आकडा: १० लाख, आणि खरी गोष्ट इथे आहे

बँकेला दरवर्षी आयकर खात्याला एक विवरण द्यावं लागतं, फॉर्म ६१ए मध्ये, वर्ष संपलं की ३१ मे पर्यंत. त्यात ठरावीक मोठे व्यवहार कळवायचे असतात, ह्या विवरणाला एसएफटी म्हणतात. रोख भरण्याच्या बाबतीत नियम असा: एका माणसाच्या करंट सोडून बाकीच्या खात्यांत, म्हणजे मुख्यतः सेव्हिंगमध्ये, आर्थिक वर्षात मिळून १० लाख किंवा जास्त रोख जमा झाली की ती कळवायची. इथे 'किंवा जास्त' आहे, म्हणजे बरोबर १० लाख झाले तरी धरतात. एफडीचा १० लाखाचा हिशोब वेगळा ठेवतात. करंट खात्याला मर्यादा ५० लाख, आणि तिथे भरलेले आणि काढलेले दोन्ही बघतात.

मावशींचं २०२४-२५ बघा. एप्रिल-मे मिळून ५,२०,००० भरले. मग जून ते मार्च धंदा सावकाश, दर वेळी २०,००० असे ४३ वेळा, म्हणजे ८,६०,०००. एकूण १३,८०,०००. जूनपासूनच्या एकाही भरण्याला पॅन लागला नाही, २०-२० हजार म्हणजे कोणी मान वर करून बघणार नाही. पण जूनपासूनचा २४ वा भरणा पडला, साधारण नोव्हेंबरच्या मध्यावर, तेव्हा बेरीज बरोबर १०,००,००० झाली आणि त्या दिवशी त्या रिपोर्टिंगमध्ये गेल्या. त्यांना काही कळलं नाही, मेसेज आला नाही, काउंटरवर कोणी काही बोललं नाही. बँकेला सांगायची गरज नसते, सिस्टीम बेरीज करत असते.

आता एक फाटा. जानेवारीत त्यांनी पोटमाळ्याच्या कामाला म्हणून १,५०,००० रोख काढले. मिस्त्री गावी गेला तो आलाच नाही, काम लांबलं, घरात एवढी रोख कशाला म्हणून दोन-तीन आठवड्यांनी सगळे परत भरले. पैसे तेच, एक रुपया नवीन कमाई नाही. पण बँकेच्या हिशोबात ही १,५०,००० ची नवीन रोख जमा आहे, पॅन पण लागला आणि वर्षाची बेरीज १५,३०,००० झाली. बँक काढलेले पैसे वजा करत नाही. ती फक्त जमा मोजते. म्हणजे रिपोर्टला जाणारा आकडा हा कमाई नसतो, विक्री पण नसते, तो नुसता काउंटर आणि मशीनमधून आत गेलेल्या नोटांचा आकडा असतो.

आणि दुसरा फाटा जॉइंट खात्याचा, हा लोकांना अजिबात माहीत नसतो. खातं दोघांच्या नावावर असेल तर नियमाप्रमाणे बँक पूर्ण रक्कम दोघांच्या नावावर दाखवते, अर्धी-अर्धी नाही. म्हणजे मावशींच्या नावावर १५,३०,००० आणि मुलाच्या नावावर पण १५,३०,०००. मुलगा समजा कुठे नोकरीला आहे, पगार सरळ, टॅक्स कापलेला, आणि त्याच्या नावासमोर पंधरा लाख रोख भरलेली दिसते. फक्त एटीएम सोपं पडावं म्हणून नाव जोडलेलं.

दोन बँकांत खाती असली तर? प्रत्येक बँक आपल्याकडचं मोजते, त्यामुळे एकीकडे सहा आणि दुसरीकडे सहा असे भरले तर एकीकडूनही ही एसएफटी जाणार नाही. पण ह्यावरून हुशारी काढू नका. उत्पन्नावर रिटर्न भरायची जबाबदारी रिपोर्ट गेला की नाही ह्यावर नसते. शिवाय बँकांची दुसरी एक लाइन आहे, मनी लाँडरिंगच्या कायद्याखालची, ती दिल्लीतल्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे जाते. १० लाखाच्या वरचे रोख व्यवहार, आणि एका महिन्यात एकमेकांशी जोडलेल्या छोट्या व्यवहारांची बेरीज १० लाखाच्या वर गेली तर ते सुद्धा, बँक दर महिन्याला कळवते. आणि कोणी रोज ४९,५००, ४९,८००, ४९,००० असे भरत असेल तर रकमेची मर्यादा न बघता संशयास्पद म्हणून रिपोर्ट करायची जबाबदारी बँकेवर असते, तो रिपोर्ट केल्याचं ग्राहकाला सांगायला तिला मनाई असते. म्हणून जे पैसे सरळ धंद्याचे आहेत ते तुकडे पाडून भरले की उलट तेच वाकडे दिसायला लागतात. ८० हजार आले, ८० हजार भरा, पॅन लिहा, संपलं.

२० लाखाचा आकडा

२६ मे २०२२ पासून अजून एक नियम लागू झाला. वर्षात एखाद्या बँकेत मिळून २० लाख किंवा जास्त रोख भरली, किंवा २० लाख किंवा जास्त काढली, तर पॅन किंवा आधार नुसता लिहून चालत नाही, बँक तो पडताळून बघते. भरणं आणि काढणं ह्यांची बेरीज वेगवेगळी धरतात. करंट खातं किंवा कॅश क्रेडिट खातं उघडतानाही हाच नियम, तिथे रकमेचा प्रश्नच नाही. पॅन नसेल तर असा व्यवहार करायच्या निदान सात दिवस आधी अर्ज केलेला पाहिजे. ज्याचं खातं आयुष्यभर फॉर्म ६० वर चाललंय तो इथे अडतो, आणि नेमका गडबडीच्या दिवशी अडतो.

मावशी १५ लाखावर आहेत, त्यांना हे ह्या वर्षी लागलं नाही, पुढे जाऊ.

काढताना

सेव्हिंगमधून काढलेल्या रोखीचा १० लाखासारखा रिपोर्ट ह्या एसएफटीत जात नाही. काढताना बघायचं ते टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच बँक कापून घेते तो कर, कलम १९४एन. तुम्ही रिटर्न भरत असाल तर एका बँकेतून वर्षाला १ कोटीपर्यंत रोख काढली तरी काही कापत नाहीत, त्यावरच्या रकमेवर २ टक्के. पण मागच्या तीन वर्षांचं, म्हणजे ज्यांची मुदत संपलीय अशा तीन वर्षांचं, एकही रिटर्न भरलेलं नसेल तर २० लाखाच्या वर गेलात की २ टक्के, आणि १ कोटीच्या वर ५ टक्के.

हे कोणाला लागतं? धक्क्यावर पहाटे लिलावात रोखीने माल उचलणाऱ्याला. धरा की अशा एकाने वर्षात २६ लाख काढले आणि रिटर्न कधीच भरलेलं नाही. २० लाखाच्या वरचे ६ लाख, त्याचे २ टक्के म्हणजे १२,००० रुपये बँकेने कापले. हे पैसे बुडाले नाहीत, त्याच्या पॅनवर जमा आहेत, फॉर्म २६एएस मध्ये दिसतात, रिटर्न भरून टॅक्समधून वजा होतात किंवा परत मिळतात. पण त्यासाठी रिटर्न तर भरायलाच लागणार, मग आधीच भरलं असतं तर कापलेच नसते. रिटर्न भरत असूनही बँकेने कापायला घेतले तर रिटर्नच्या पोचपावत्या शाखेत नेऊन द्या, पॅनवरून त्यांना पण तपासता येतं.

रोख काढली की ती देताना मात्र एक कलम लक्षात ठेवा, २६९एसटी. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहाराचे, किंवा एकाच कार्यक्रमानिमित्त २ लाख किंवा जास्त रोख घ्यायची नाही, आणि दंड घेणाऱ्याला, जेवढी रक्कम तेवढा. बँकेतून काढलेल्या पैशाला हे लागत नाही, त्यामुळे तीन लाख काढू का म्हणून घाबरायचं कारण नाही. पण लग्नाच्या केटररने तीन लाखाचं एक काम करून महिन्याच्या अंतराने दीड-दीड लाख रोख घेतले तरी व्यवहार एकच, तो अडकतो.

रोजमेळ ठेवा, साध्या वहीत

इथे लोक कंटाळा करतात. पण वर्षाच्या शेवटी १५,३०,००० ह्या आकड्याला उत्तर द्यायला दुसरं काही नसतं. शंभर पानी वही पुरे. रोज पाच गोष्टी: सकाळी गल्ल्यात किती होते, रोख विक्री किती, गल्ल्यातून खर्च किती (हमाली, पिशव्या, घरखर्चाला नेलेले), बँकेत भरले किती, रात्री उरले किती. यूपीआयची विक्री बाजूला वेगळी लिहा.

आपल्या उदाहरणात वही असेल तर हे दिसतं: वर्षाची रोख विक्री १५,६०,०००. त्यातले १,८०,००० गल्ल्यातूनच खर्च आणि घरी गेले, बँकेत कधी आलेच नाहीत. उरलेले १३,८०,००० बँकेत भरले. आणि १,५०,००० ही विक्री नाहीच, ते काढून परत भरलेले. म्हणजे बँकेचा आकडा १५,३०,०००, विक्रीचा १५,६०,०००, हे दोन आकडे जवळजवळ सारखे दिसतात म्हणून कोणीतरी शेजारी बसून सांगेल की बँकेतलंच विक्री म्हणून लिहून टाक, तर तसं करू नका, ते योगायोगाने जवळ आलेत, आतला माल वेगळा आहे. विक्री वहीतून घ्यायची, पासबुकातून नाही.

परत भरलेल्या पैशाची नोंद त्याच दिवशी करायची: अमुक तारखेला १,५०,००० काढले, काम झालं नाही, अमुक तारखेला परत भरले. पासबुकात दोन्ही तारखा असतातच, मिस्त्रीने दिलेलं कोटेशन किंवा व्हॉट्सअॅपवरचं बोलणं असेल तर ठेवा. तारखांमध्ये अंतर कमी आणि रक्कम तीच असली की कोणी फारसं खोदत नाही. सात-आठ महिन्यांनी परत भरले आणि मध्ये काय झालं ते सांगता येत नाही, तर मग प्रश्न येतात.

जूननंतर एआयएस उघडून बघा

बँकेने मे अखेर कळवलेली माहिती तुम्हालाही दिसते, ती एआयएस म्हणजे वार्षिक माहिती विवरणात. incometax.gov.in वर पॅनने लॉगिन करा, AIS वर जा, ते वेगळं पान उघडतं, आर्थिक वर्ष निवडा, मग SFT Information मध्ये बघा. पीडीएफ उतरवलीत तर पासवर्ड म्हणजे पॅन छोट्या अक्षरांत आणि त्याला लागून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष असे आठ आकडे.

आकडा पासबुकाशी जुळवा. मावशींचा १५,३०,००० बरोबर आहे, बँकेने खोटं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे त्यांनी तो नाकारायचा नाही. एवढे कसे दाखवले म्हणून चिडून Information is denied दाबणारे लोक असतात, मग ते बँकेकडे उलट तपासायला जातं आणि बँक म्हणते आकडा बरोबर आहे. मुलाचं वेगळं. त्याच्या एआयएसमध्ये दिसणारे पैसे त्याचे नाहीत, तर त्या ओळीवर क्लिक करून Information relates to other PAN/Year निवडायचं आणि आईचा पॅन टाकायचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण रिटर्न भरायच्या आधी करा. आणि पुढच्या वर्षी डोकेदुखी नको असेल तर धंद्याचं खातं मावशींच्या एकटीच्या नावावर वेगळं उघडा, घरखर्चाचं जॉइंट तसंच राहू दे. धंदा सेव्हिंगमध्ये चाललाय म्हणून बँक स्वतःच कधीतरी करंट उघडा म्हणते, तेव्हा हे होऊनच जाईल.

रिटर्न

मावशींची विक्री एकूण २०,६०,०००, रोख १५,६०,००० आणि यूपीआयची ५,००,०००. एवढ्या छोट्या धंद्याला कलम ४४एडी आहे, त्यात पूर्ण हिशोबाची पुस्तकं, ऑडिट वगैरे लागत नाही, रोख विक्रीच्या निदान ८ टक्के आणि बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या विक्रीच्या निदान ६ टक्के नफा दाखवायचा. इथे १,२४,८०० अधिक ३०,०००, म्हणजे १,५४,८००. पण हा खालचा आकडा आहे. प्रत्यक्षात नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. वहीप्रमाणे मावशींना खर्च जाऊन समजा ३,२०,००० सुटले, तर ३,२०,००० लिहायचे, आणि सेव्हिंगचं व्याज त्यात मिळवायचं.

२०२४-२५ ला नव्या पद्धतीत ३ लाखापर्यंत कर नव्हता, मावशी त्याच्या थोड्या वर, म्हणजे रिटर्न भरणं बंधनकारक. कर मात्र शून्य, कारण ७ लाखापर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ए ची सूट होती, आणि वरच्या वीस हजारावर ५ टक्क्यांनी येणारा हजारभर रुपये कर त्यात निघून जातो. बघा, पंधरा लाख रोख कळवली गेली आणि कर पडला शून्य. फॉर्म आयटीआर-४, मुदत त्या वर्षी मुळात ३१ जुलै, ती वाढत वाढत १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत गेली होती.

रिटर्नच भरलं नाही आणि विचारल्यावर पैसे कुठून आले ते सांगता आलं नाही तर तो पैसा अघोषित धरतात, कलम ६९ए, आणि त्यावर कलम ११५बीबीई चा दर लागतो: ६० टक्के कर, करावर २५ टक्के अधिभार, वर ४ टक्के सेस, सगळं मिळून ७८ टक्के. तिथे ८ टक्के नफा वगैरे भाषा चालत नाही, पूर्ण रकमेवर. वहीचा कंटाळा तेवढ्यासाठी करायचा नाही.

मेसेज किंवा नोटीस आली तर

आधी ती खरी आहे का ते बघा, कारण ह्या भीतीवर जगणारे चोर बरेच आहेत. मेसेजमधल्या लिंकवर जायचं नाही. साइटवर स्वतः टाइप करून जा, लॉगिनच्या आधीच Authenticate Notice/Order Issued by ITD असा पर्याय दिसतो, नोटिशीवरचा डीआयएन नंबर तिथे टाकला की खरी-खोटी कळते. नंबरच नसेल तर संशय घ्या आणि पोर्टलवर स्वतः लॉगिन करून बघा. नोटिशीचं सेटलमेंट म्हणून कोणी फोनवर पैसे मागत असेल तर तो खात्याचा माणूस नाही.

खरी असेल तर घाबरून गप्प बसणं सगळ्यात वाईट. बऱ्याचदा तो नुसता सूचनेचा मेसेज असतो, की तुमच्या नावावर अशी रोख दिसतेय आणि रिटर्न दिसत नाही, बघून घ्या. ते पोर्टलवर Pending Actions मधून कम्प्लायन्स पोर्टलला जाऊन e-Campaign मध्ये दिसतं आणि उत्तर तिथेच द्यायचं असतं. उत्तर छोटं आणि आकड्यांचं द्या: एकूण जमा १५,३०,०००, त्यातली १३,८०,००० सुक्या मासळीच्या किरकोळ विक्रीची, रिटर्नमध्ये दाखवलेली, पोचपावती नंबर अमुक. उरलेले १,५०,००० त्याच खात्यातून अमुक तारखेला काढून अमुक तारखेला परत भरलेले. सोबत पासबुकाची ती दोन पानं. कलम १४२(१) किंवा १४८ए असं काही लिहिलेलं असेल तर मात्र स्वतः उत्तर लिहीत बसू नका, त्यावर तारीख असते, ती उलटायच्या आत सीए कडे जा, आणि जाताना वही, पासबुक आणि भरणा स्लिपा घेऊन जा. स्लिपांचा एक फोटो त्याच दिवशी काढून ठेवत जा, मशीनच्या पावतीची शाई सहा महिन्यांत उडते.